पीतज्वराची लस आणि दहा दिवसांचा हिशेब

परदेशी कामावर निघालेल्या माणसाच्या कागदांच्या यादीत पासपोर्ट, व्हिसा, कराराची प्रत आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल वरच्या ओळींत असतात. खाली कुठेतरी ‘यलो फीवर’ असे लिहिलेले असते. बाकी कागद धावपळ करून, जास्तीचे पैसे भरून लवकर मिळवता येतात. या एका कागदाच्या बाबतीत ते जमत नाही. लस टोचल्यानंतर दहा दिवस जावे लागतात आणि ते दहा दिवस कोणत्याही कार्यालयात कमी करून मिळत नाहीत. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदा कामाला निघालेल्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. लस दुर्मिळ असते म्हणून नव्हे, तर कोणती गोष्ट कशाच्या आधी करायची हे कोणी वेळेवर सांगितलेले नसते म्हणून.

पीतज्वर हा डासांमुळे होणारा विषाणूजन्य आजार आहे. आफ्रिकेचा उष्ण पट्टा आणि दक्षिण अमेरिकेचा बराच भाग हे त्याचे घर. विषाणू अंगात शिरल्यावर तीन ते सहा दिवसांत ताप, पाठदुखी, डोकेदुखी आणि मळमळ सुरू होते. बहुतेक जण तीन-चार दिवसांत बरे होतात. साधारण सातातल्या एकाला मात्र मध्ये थोडे बरे वाटून पुन्हा ताप चढतो, कावीळ होते, नाकातोंडातून आणि पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे थकतात. या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण दगावतात. विषाणूवर थेट चालणारे औषध आजही नाही. ज्या आजारावर औषध नाही त्याच्यावर लस मात्र इतकी चांगली आहे की एक डोस बहुतेकांना जन्मभर पुरतो, आणि म्हणूनच या लसीचा आग्रह धरणे योग्य आहे असे मला वाटते.

आज कोणत्याही केंद्रावर टोचली जाणारी लस कुठून आली याची गोष्ट कामगाराच्या प्रवासाशी जुळणारी आहे. १९२७ साली आजच्या घाना देशात, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश गोल्ड कोस्टमध्ये, असिबी नावाच्या एका माणसाला सौम्य पीतज्वर झाला. रॉकफेलर फाउंडेशनच्या संशोधकांनी त्याचे रक्त घेऊन आशियातल्या ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचले. आफ्रिकेतल्या माकडांना हा विषाणू फारसा आजारी पाडत नव्हता, पण हे माकड त्याने मेले आणि पीतज्वराचा विषाणू प्रयोगशाळेत पहिल्यांदा हाती लागला. या कामातले एक संशोधक एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वरानेच गेले. असिबी बरा झाला. त्याच्या रक्तातला विषाणू पुढे उंदराच्या आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी निरुपद्रवी केला. १९३७ साली जाहीर झालेला तो वाण म्हणजे १७डी, आणि त्यासाठी थायलर यांना १९५१ चे नोबेल मिळाले. घानाला निघालेल्या पुण्याच्या फिटरच्या दंडात जो विषाणू टोचला जातो, तो घानातल्याच एका माणसाच्या रक्तातून आलेला आहे.

हा विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो, आणि दहा दिवसांचा नियम इथूनच निघतो. टोचल्यावर तो शरीरात काही दिवस वाढतो, शरीर त्याला ओळखते, मग प्रतिपिंडे तयार होतात. दहा दिवसांत ८० ते १०० टक्के लोकांच्या रक्तात पुरेसे संरक्षण येते, महिन्याभरात ९९ टक्क्यांहून अधिक लोकांच्या. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी ठरवले, की पहिल्यांदा लस घेतलेल्याचे प्रमाणपत्र टोचल्याच्या तारखेनंतर दहा दिवसांनी लागू होईल. टोचण्याचा दिवस शून्य धरायचा. १ जूनला लस घेतली तर प्रमाणपत्र ११ जूनपासून चालते, १० जूनला नाही. अनेक जण टोचल्याचा दिवस पहिला धरून मोजतात आणि एका दिवसाने चुकतात.

आता प्रमाणपत्र विचारतो कोण, हे पाहू. कामगाराला वाटते की ज्या देशात जायचे तो देश. ते अर्धेच खरे आहे. घाना, युगांडा, अंगोला, कांगो, कॅमेरून असे काही देश येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रवाशाकडे हे कार्ड मागतात. भारतातून गेलात म्हणून सूट मिळत नाही. पण केनिया किंवा ब्राझीलसारख्या देशांचे तसे नाही. भारतात पीतज्वर नसल्यामुळे मुंबईहून थेट आलेल्या माणसाकडे ते सहसा कार्ड मागत नाहीत. तिथे कामाला गेलेला माणूस लस न घेता आरामात पोहोचतो, काम करतो आणि परत निघतो. अडचण येते ती मुंबईच्या विमानतळावर. कारण हे कार्ड मागणाऱ्यांत सर्वांत कडक देशांपैकी एक म्हणजे आपलाच.

यामागचे कारण ठोस आहे. पीतज्वर पसरवणारा ईडिस इजिप्ती डास तोच, जो आपल्याकडे डेंगी पसरवतो. टायर, कुंड्या, गच्चीवरचे ड्रम या सगळ्यांत तो आहे. तो आहे, माणसे दाट आहेत, कोणालाही या आजाराची प्रतिकारशक्ती नाही, आणि विषाणू मात्र इथे कधी आलेला नाही. एक आजारी प्रवासी आणि चार डास पुरे. म्हणून पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो आणि ज्याच्याकडे लागू झालेले प्रमाणपत्र नाही, त्याला विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याने विलगीकरण केंद्रात ठेवायचे असा नियम आहे. विमानप्रवासासाठीचा हा नियम १९५४ पासूनचा आहे. आजार झालाच असेल तर सहा दिवसांत दिसेल, म्हणून सहा दिवस.

नियमाचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा एक इंजिनीअर लस न घेता पाच दिवसांसाठी नैरोबीला जाऊन १० तारखेला तिथून निघाला आणि ११ ला मुंबईत उतरला. त्याचा शेवटचा संभाव्य संपर्क १० तारखेचा, म्हणून त्याला १६ तारखेपर्यंत केंद्रात राहावे लागू शकते. तोच इंजिनीअर वाटेत दुबईत तीन दिवस थांबून आला, तर ते तीन दिवस सहातून वजा होतात. दुबईत आठवडाभर काम करून आला, तर सहा दिवसांची मुदत संपलेली असते. आणि जाण्यापूर्वी नाही, पण नैरोबीला पोहोचल्यावर त्याने लगेच लस घेतली असेल, तर प्रमाणपत्र लागू होण्याची तारीख किंवा सहावा दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच त्याला थांबवले जाते. नातेवाईक बाहेर गाडी घेऊन उभे, आणि माणूस काचेच्या पलीकडून आत नेला जातो. हे टाळता येण्यासारखे आहे म्हणूनच याचे वाईट वाटते.

वाटेतला थांबाही या हिशेबात येतो. मुंबईहून आफ्रिकेला जाणारी बरीच तिकिटे अदिस अबाबाहून जातात आणि इथिओपिया धोक्याच्या यादीत आहे. जो प्रवासी तिथे विमानतळाबाहेर पडला नाही, त्याला आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटली तर भारत सूट देऊ शकतो. पण विमान चुकले आणि कंपनीने रात्रभर हॉटेलात नेले, तर ती सूट गेली. इतर देशांचे नियमही वेगवेगळे. काही देश धोक्याच्या देशात बारा तासांपेक्षा जास्त थांबलेल्यांनाच कार्ड विचारतात. म्हणून केपटाउनसारख्या, जिथे पीतज्वर नाही अशा ठिकाणी कामाला निघालेल्यानेही आपले विमान कुठून जाते ते पाहावे. तिकीट काढणाऱ्या एजंटला हे विचारायचे भान नसते. त्याला स्वस्त तिकीट दिसते.

प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला काय होऊ शकते, याचा एक मोठा धडा जगाला २०१६ मध्ये मिळाला. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडाच्या परिसरात पीतज्वराची साथ सुरू झाली. अंगोलात चीनमधून कामाला गेलेले हजारो लोक होते. मार्च आणि एप्रिल २०१६ मध्ये अंगोलातून चीनला परतलेल्या ११ जणांना पीतज्वर असल्याचे निष्पन्न झाले. आशियात प्रयोगशाळेत पक्की झालेली पीतज्वराची ही पहिली नोंद. अंगोलात प्रवेशासाठी लसीचे प्रमाणपत्र बंधनकारक होते, तरीही हे घडले. म्हणजे कुठेतरी कार्डाला खऱ्या लसीचा आधार नव्हता, किंवा कार्ड बघितलेच गेले नाही. ही माणसे चीनमध्ये उतरली तेव्हा बऱ्याच भागात थंडी होती आणि डास कमी होते. तीच माणसे जूनमध्ये मुंबईत उतरली असती तर काय झाले असते, याचा विचार आपल्या आरोग्य खात्याला करावाच लागतो.

खोट्या कार्डांचा प्रश्न आहे तो असा. काही एजंट दहा दिवस वाचवण्यासाठी मागच्या तारखेचे कार्ड भरून देतात. दंडात काहीच टोचलेले नसते, किंवा टोचलेले असते पण तारीख खोटी असते. ही फसवणूक कामगाराच्या पैशांची आहेच, त्याहून जास्त त्याच्या जिवाची आहे. जो माणूस घानाच्या गावात पाणी साठलेल्या जागी काम करणार आहे, त्याच्या खिशात संरक्षणाचा खोटा कागद ठेवून त्याला पाठवणे हे मला गुन्ह्याइतकेच वाईट वाटते. २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कार्डांवर संशय घेऊन सव्वाशे नायजेरियन प्रवाशांना परत पाठवले होते आणि त्यातून दोन देशांत वादही झाला. आज कार्डावरचा बॅच क्रमांक आणि केंद्राचा शिक्का पडताळता येतो.

खरी लस मिळते ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना, तसेच जे. जे. रुग्णालय, गोव्यात मुरगावचे बंदर आरोग्य कार्यालय ही नेहमीची नावे. पुण्यासह इतर शहरांतही केंद्रे आहेत आणि आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सध्याची यादी मिळते. घराजवळच्या डॉक्टरांनी किंवा एखाद्या साध्या खासगी दवाखान्याने सुई मारली तरी तिचा उपयोग नाही. औषध खरे असले तरी त्यांचा शिक्का आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रावर चालत नाही.

या केंद्रांवर बहुतेक वेळा आठवड्यातले ठरावीक दिवस आणि ठरावीक वेळ असते, आधी नोंदणी करावी लागते. लोकांना वाटते की सरकारी कारभार ढिला आहे. प्रत्यक्षात कारण कुपीत आहे. लस भुकटीच्या रूपात २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली असते आणि एका कुपीत बहुधा पाच किंवा दहा जणांचे डोस असतात. द्रावण घालून कुपी उघडली, की सहा तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. तीन माणसांसाठी दहा डोसांची कुपी उघडली तर सात डोस वाया जातात, म्हणून केंद्रे माणसे जमतील असे दिवस ठरवतात. कामगाराने याचा अर्थ इतकाच काढायचा, की ‘आज जातो आणि घेऊन येतो’ असे होईलच असे नाही, आठवडा हाताशी ठेवायचा.

टोचणे सोपे आहे. अर्धा मिलिलीटर, दंडात. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कारण क्वचित कोणाला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. पुढच्या आठवडाभरात कोणाला हलका ताप, अंगदुखी, डोकेदुखी होते, ते दोन-तीन दिवसांत जाते. विषाणू शरीरात वाढत असल्याचीच ती खूण आहे.

जाताना मूळ पासपोर्ट न्यायचा. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. कंपनीचा किंवा एजंटचा माणूस व्हिसासाठी पासपोर्ट आधीच दूतावासात जमा करतो, आणि लसीच्या केंद्रावर विचारतात, पासपोर्ट कुठे? छायाप्रत चालेल असे गृहीत धरून लांबून आलेला माणूस परत जातो. दुसरीकडे काही दूतावास व्हिसाच्या अर्जासोबतच लसीच्या कार्डाची प्रत मागतात. म्हणजे पासपोर्ट हातात असतानाच लस घ्यायची आणि मग व्हिसाला द्यायचा, हा एकच क्रम सुरळीत चालतो.

चाकणच्या एका कारखान्यातल्या फिटरच्या उदाहरणाने हे सविस्तर पाहू. त्याची घानातल्या तेमा बंदराजवळच्या कंपनीत एका वर्षासाठी नेमणूक झाली. २ जूनला त्याला पत्र मिळाले, २४ जूनच्या रात्रीचे विमान. बावीस दिवस भरपूर वाटतात. एजंटने ४ जूनला त्याचा पासपोर्ट व्हिसासाठी घेतला आणि तो १३ जूनला परत आला. त्यानंतर त्याने केंद्राकडे नोंदणी केली, पहिली मोकळी तारीख १७ जून मिळाली. १७ मध्ये दहा मिळवले की २७ जून. विमान २४ ला. अक्रावर पोहोचेल तो २५ जूनला, प्रमाणपत्र लागू व्हायला दोन दिवस कमी. आक्राचा आरोग्य अधिकारी काय करेल ही नंतरची गोष्ट, मुंबईत विमान कंपनीच्या काउंटरवरच त्याला थांबवले जाऊ शकते. इथे योग्य उपाय एकच: तिकीट २७ जूनच्या पुढे न्यायचे. कार्डावरची तारीख हलवायची नाही.

याच फिटरने २ जूनला पत्र हातात येताच दुपारी केंद्राला फोन केला असता आणि त्याला ५ जूनची वेळ मिळाली असती, तर प्रमाणपत्र १५ जूनला लागू झाले असते. ६ जूनला पासपोर्ट व्हिसासाठी गेला असता, सोबत कार्डाची प्रत असती, आणि २४ जूनच्या विमानाला नऊ दिवस शिल्लक राहिले असते. दोन्ही वेळा पत्राची तारीख तीच, विमान तेच. फरक फक्त व्हिसा आधी की लस आधी याचा.

आता यात आणखी एक वळण घालू. समजा कारखान्याच्या दवाखान्यात ३ जूनला त्याला गोवर-गालगुंड-रुबेलाची लस टोचली, कारण तिथल्या डॉक्टरांनी परदेशी जाणाऱ्यांसाठी ती लिहून ठेवलेली होती. ती लसही जिवंत विषाणूची. जिवंत विषाणूच्या दोन लसी एकतर एकाच दिवशी द्याव्यात, नाही तर किमान चार आठवडे अंतराने, असा वैद्यकीय नियम आहे. पहिलीमुळे शरीरात जागलेली यंत्रणा दुसरीचा परिणाम कमी करू शकते. ३ जूनपासून २८ दिवस म्हणजे १ जुलै, त्यात दहा मिळवून ११ जुलै. कांजिण्यांच्या लसीलाही हेच लागू. टायफॉइडची टोचायची लस, कावीळ-अ, कावीळ-ब, धनुर्वात, मेंदूज्वराची लस मात्र मृत घटकांच्या असल्याने त्यांना अंतराची अट नाही, त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येतात. म्हणून कंपनीने कोणतीही लस लिहून दिली तर पहिला प्रश्न विचारायचा: ही जिवंत आहे का?

काहींना ही लस देता येत नाही, आणि हे लपवायचे नाही. लस कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणात वाढवलेली असते, म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. आपल्याकडे बरेच लोक अंडे खातच नाहीत, त्यांना ही ॲलर्जी आहे की नाही हेच माहीत नसते. कधी केक किंवा बिस्किट खाऊन ओठ सुजले असतील, अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते केंद्रावरच्या डॉक्टरांना सांगावे. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, उदाहरणार्थ सांधेवातासाठी किंवा दम्यासाठी रोज मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेणारे, कर्करोगावर उपचार चालू असलेले, किंवा एचआयव्हीत प्रतिकारशक्ती फार खाली गेलेले, त्यांना ही लस द्यायची नाही. जिवंत विषाणू अशा शरीरात आवरला जात नाही. थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांनाही नाही.

साठीच्या पुढच्या व्यक्तीबाबत डॉक्टर तोलून निर्णय घेतात. फार क्वचित, लाखात एकापेक्षाही कमी लोकांना, पहिला डोस घेतल्यावर गंभीर त्रास होतो: लसीचा विषाणूच यकृत आणि इतर अवयवांत वाढतो, किंवा मेंदूला सूज येते. हा धोका साठीनंतर थोडा वाढतो. एखादा ६२ वर्षांचा सुपरवायझर सहा महिन्यांसाठी जंगलातल्या खाणीत चालला असेल, तर आजाराचा धोका लसीच्या धोक्यापेक्षा मोठा ठरू शकतो. शहरातल्या बैठकीसाठी चार दिवस निघाला असेल तर हिशेब वेगळा. पूर्वी ही लस एकदा निर्विघ्न घेतलेली असेल तर ही चिंता जवळपास उरत नाही. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांचाही निर्णय असाच, प्रवास टाळता येतो का हे आधी पाहून. कामगारासोबत जाणाऱ्या बायको-मुलांसाठीही प्रत्येकाचे वेगळे कार्ड लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देत नाहीत.

ज्याला लस देता येत नाही त्याला डॉक्टर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये कारणासह सूटपत्र देतात. पण ते प्रमाणपत्र नव्हे. ते स्वीकारायचे की नाही हे त्या देशाच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती असते आणि भारतात परततानाही सहा दिवस देखरेखीखाली ठेवले जाऊ शकते. असे पत्र घेऊन निघण्यापूर्वी कामाच्या देशाच्या दूतावासाला लिहून विचारावे, आणि कंपनीलाही सांगावे. अशी माणसे दुसऱ्या प्रकल्पावर पाठवणे अनेकदा जास्त योग्य असते.

कार्ड हातात आल्यावर केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी एक मिनिट ते वाचायचे. नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने हवे. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, लसीचे नाव, टोचल्याची तारीख, उत्पादक आणि बॅच क्रमांक, कधीपासून लागू, कधीपर्यंत, डॉक्टरांची हाताने केलेली सही, केंद्राचा शिक्का. सहीच्या जागी सहीचा रबरी शिक्का चालत नाही. खाडाखोड केलेली, किंवा एखादी जागा रिकामी राहिलेली असली तरी कार्ड नाकारले जाऊ शकते. तारीख आकड्यांतच लिहिली तर ५/६ म्हणजे ५ जून की ६ मे असा घोळ होतो, म्हणून महिना अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. आपली सही आपणच करायची. लहान मुलाच्या कार्डावर आई किंवा वडील करतात. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, पण दाखवताना मूळ कार्डच लागते, म्हणून ते पासपोर्टच्या आतच असावे, चेक-इनच्या बॅगेत नव्हे.

‘कधीपर्यंत’ या रकान्याबद्दल अजूनही गोंधळ आहे. जुना नियम दहा वर्षांचा होता. एकच डोस जन्मभर पुरतो असे अभ्यासातून दिसल्यावर जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये नियम बदलला आणि तो ११ जुलै २०१६ पासून लागू झाला. आता प्रमाणपत्र लस घेणाऱ्याच्या आयुष्यभरासाठी असते. ज्यांच्याकडे २०१६ च्या आधीचे कार्ड आहे आणि त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली आहे, त्यांचेही कार्ड आयुष्यभर चालते. मुदत संपली म्हणून पुन्हा टोचून घेण्याची गरज नाही, आणि जुन्या तारखेवर स्वतःच्या पेनने काट मारून ‘आजीवन’ लिहायचे नाही. तीच खाडाखोड कार्ड बाद करते. विमानतळावरच्या एखाद्या कर्मचाऱ्याला नवा नियम माहीत नसेल तर दाखवायला, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या जोडपत्र ७ ची छापील प्रत पासपोर्टसोबत ठेवली तर काम सोपे होते. पासपोर्ट नवा झाला तर जुना जपून ठेवायचा, कारण कार्डावर त्याचा क्रमांक आहे. कार्ड हरवले तर ज्या केंद्रात लस घेतली तिथल्या नोंदवहीतून दुसरी प्रत मिळू शकते, म्हणून केंद्राचे नाव, तारीख आणि बॅच क्रमांक कुठेतरी लिहून ठेवावा. नोंद सापडली नाही तर लस पुन्हा घेण्याशिवाय मार्ग उरत नाही, आणि मग नव्या तारखेपासून दहा दिवस पुन्हा मोजावे लागतात.